रॅम्प आहे म्हणतात, पण

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

तू जाहिरात पाठवलेल्या आंबा प्रक्रियेच्या कारखान्यात काल जाऊन आलो. 'दिव्यांगांना प्राधान्य' असं छापलंय आणि फोनवर साहेबही म्हणाले, रॅम्प आहे. आहे खरा. पण गवंडीकामात जन्म गेलेल्याला नुसतं 'आहे' पुरत नाही, म्हणून टेप काढली. जोतं दीड फूट उंच, रॅम्प जेमतेम 6 फूट लांब. एक फूट चढाला 12 फूट लांबी लागते, म्हणजे इथे 18 फूट हवा. हा हातगाड्यांसाठी बांधलेला. तू एकटी चढायला गेलीस तर खुर्ची मागे उलटेल. वर गुळगुळीत कडाप्पा, छप्पर नाही. मिरगानंतर शेवाळ धरलं की धडधाकट माणूसही आपटेल. साहेब म्हणाले, "पोरं आहेत, उचलतील." रोज कोणी उचलेपर्यंत दारात थांबायचं असेल तर ती सोय नव्हे.

संडासाचं दार 24 इंची, उघडतं आत. तुझी खुर्ची 25 इंच. दार 3 फुटी करता येईल, पण भिंत फोडावी लागेल.

कामाचंही विचारलं, साहेबांना नाही, टेबलावरच्या कारकुनाला. टॅलीत नोंदी, बिलं, हे तुला सहज जमेल. पण एप्रिल-मेमध्ये गोडाऊनात क्रेट मोजून स्टॉक लिहायचा असतो, ते जाहिरातीत नाही. तो आकडा सुपरवायझरने फोनवर दिला तर चालेल का, हे त्यांनाच विचार.

त्यांच्याकडे 20 च्या वर माणसं आहेत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे अशा खासगी आस्थापनेनेही समान संधी धोरण जाहीर करायचं असतं, वेबसाइटवर नाहीतर नोटीस बोर्डावर. कोणत्या सोयी आहेत आणि दिव्यांगांच्या भरतीचं बघणारा संपर्क अधिकारी कोण, हे त्यात यायला हवं. बोर्डावर मला सुट्ट्यांची यादी तेवढी दिसली. तू मेलवर धोरणाची प्रत माग. उत्तर काय येतं, त्यावरून बरंच कळेल.

बाजारपेठेतल्या खतांच्या एजन्सीतही डोकावलो. तिथे सातच माणसं, धोरण वगैरे काही नाही. रॅम्पही नाही, एक 6 इंची पायरी आहे. पण मालकाने आधी विचारलं, "टेबलाखाली गुडघे जायला किती उंची लागेल? मधली फळी काढू का?" पायरीला 6 फुटांचा खरबरीत उतार मी स्वतः घालून देईन. अडचण संडासाची. भारतीय बैठकीचा आहे, कमोड बसवायला ते तयार दिसले, पण रुजू होण्याआधी बसवून घेऊ. मला विचारशील तर पगार थोडा कमी असला तरी मुलाखतीला आधी इथे जा.

नव्या खुर्चीची रुंदी चाकांच्या बाहेरच्या कड्यांसकट मोजून कळव. मी धरलेले 25 इंच जुनीचे आहेत.

तुझे,
बाबा