सानी मिसऱ्याआधी थांबायला शीक

परभणी

चि. मीरा हिस अनेक आशीर्वाद.

तू गझल वाचायला घेतलीस, पण "आई, लोक ज्या शेरावर वाहवा करतात तो मला साधाच वाटतो" असं फोनवर म्हणालीस. ते डोक्यात राहिलं म्हणून हे पत्र. शिकायला तू वली आणि सिराज या जुन्या शायरांच्या औरंगाबादेत आहेस, मुशायरे कानावर पडतीलच. तिथे एक गोष्ट नीट बघ. शायर पहिली ओळ, म्हणजे उला मिसरा, दोनदा-तीनदा म्हणतो. श्रोतेही ती उचलून म्हणतात. दुसरी ओळ, सानी मिसरा, तो अडवून ठेवतो. तेवढ्या वेळात ऐकणाऱ्याने पहिल्या ओळीचा एक अर्थ मनात पक्का करावा, हे त्याला हवं असतं. अर्थ पक्का झालाच नसेल तर पुढे तो फिरणार कसा? छापील पानावर दोन्ही ओळी एकदमच डोळ्यांत शिरतात, आणि शेर तुला साधा वाटण्याचं कारण मला तेच दिसतं.

म्हणून दुसरी ओळ हाताने झाक. गालिबचा हा उला मिसरा घे:

कोई वीरानी सी वीरानी है

काय ही ओसाडी, अशी ओसाडी कुठे असते का! एवढंच. बोलणारा कुठल्या तरी भयाण जागी उभा आहे आणि तिच्याबद्दल बोलतोय, असं तू धरशील. तसंच धर. आता हात काढ:

दश्त को देख के घर याद आया

दश्त म्हणजे ओसाड रान. या गझलेचा रदीफ, म्हणजे प्रत्येक शेराच्या शेवटी तसेच येणारे शब्द, "याद आया" आहे. मतल्यात, म्हणजे पहिल्याच शेरात, तो कळलेला असतो, त्यामुळे प्रत्येक शेरात काहीतरी आठवणार हे ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. काय आठवणार ते रदीफाच्या आधीच्या शब्दात, काफियात, उघडतं. इथे तो शब्द "घर". सगळं वजन त्या एका शब्दावर आहे.

पहिल्यांदा वाटतं, रान इतकं भयाण की जीव घाबरला आणि घराची ओढ लागली. हा अर्थ बरोबरच आहे. पण आता पहिल्या ओळीकडे परत जा आणि ती मोठ्याने वाच. रान बघून घर का आठवलं? कारण घरही असंच ओसाड होतं! मग "कोई वीरानी सी वीरानी है" हा रानाबद्दलचा उद्गार राहत नाही. ओळखीची ओसाडी पुन्हा भेटल्यावर तोंडून निघालेलं ते वाक्य होतं. शब्द तेच, आवाज बदलला. गालिबचे शिष्य हाली यांनीही या शेरातले हे दोन्ही अर्थ उलगडून दाखवलेत. यातला एक खरा आणि दुसरा खोटा असं ठरवत बसू नकोस. घराची ओढही आहे आणि घराचं उजाडपणही, दोन्ही एकदम मनात राहू दे.

आता फसवी कलाटणी कशी ओळखायची ते सांगते. त्यासाठी मी एक मिसरा रचलाय, भुजंगप्रयात वृत्तात:

कुणीही कडी लावली ना घराला

वाटतं, केवढा विश्वासाचा गाव! याला एक सानी मिसरा असा जोडला:

पहा गाव सारे निघाले उसाला

आपल्याकडे दिवाळीनंतर टोळ्या ऊसतोडीला निघतात, ते चित्र लगेच उभं राहतं. पण बघ, ही नुसती पुढची बातमी झाली. अर्थ पुढे सरकला, मागे फिरला नाही. आता त्याच ओळीला दुसरा जोड:

कुणीही कडी लावली ना घराला
उरे काय मागे असे न्यावयाला

आता पहिल्या ओळीतला विश्वास गेला. कडी न लावण्याचं कारण चोराची भीती नसणं हे नाही, चोरावं असं काही शिल्लकच नाही. माझा शेर मोठा नाही, पण फरक त्यात दिसतो. दुसरी ओळ वाचून झाल्यावर पहिली पुन्हा म्हण. ती आधीसारख्याच सुरात म्हणता आली, तर कलाटणी झालेली नाही, दुसरी ओळ कितीही चमकदार असो.

मात्र प्रत्येक शेरात हे शोधू नकोस, लेकरा. कितीतरी चांगले शेर सरळ चालतात. पहिल्या ओळीत दावा असतो, दुसरीत त्याचा दाखला, आणि तो दाखला इतका चपखल बसतो की दाद द्यावीच लागते. तिथे ओढूनताणून दुसरा अर्थ काढलास तर शेराचा जीव जाईल.

गालिबच्या त्याच गझलेचा मक्ता, म्हणजे शायराचं नाव असलेला शेवटचा शेर, खाली देते. गालिब आधी "असद" या नावाने लिहीत. लहानपणी वेड्या मजनूला मारायला दगड उचलला, इथवर सोपं आहे. पुढे "सर" आठवलं, ते कुणाचं डोकं, आणि ते कळल्यावर पहिल्या ओळीतल्या "लडकपन"चं काय होतं, हे मला कळव.

मैंने मजनूँ पे लडकपन में असद
संग उठाया था कि सर याद आया

तुझी,
आई