पावतीवर पावणेपाच लाख, तुमच्या अरबीत पाच लाख आणि साडेसत्तेचाळीस लाख! पावतीचं भाषांतर पुन्हा करून द्या

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

नमस्कार, मी नाशिकमध्ये एका छोट्या द्राक्ष पॅकिंग फर्मचे हिशोब बघते. दुबईच्या पार्टीने दिलेला ॲडव्हान्स खरंच शेतकऱ्याला पोचला का, याचा पुरावा त्यांच्या अकाउंटंटला अरबीत हवा होता, म्हणून तुमच्याकडे एका चेकचा आणि त्याच पेमेंटच्या हातपावतीचा फोटो भाषांतराला दिला होता. चेक इंग्रजीत होता, तो बरोबर आला, तक्रार पावतीची आहे.

दिंडोरीच्या आमच्या शेतकऱ्याने पावतीवर आकड्यात लिहिलंय 4,75,000/- आणि खाली "अक्षरी रुपये पावणेपाच लाख फक्त". आपल्याकडे असंच लिहितात, त्यात त्याचं काही चुकलेलं नाही. तुमच्या अरबीत आकड्यात आलं ٤٬٧٥٠٬٠٠١, म्हणजे साडेसत्तेचाळीस लाख एक, आणि अक्षरात आलं पाच लाख. एकाच कागदावर दोन रकमा, आणि खरी त्यातली एकही नाही!! तिकडच्या अकाउंटंटने चेक शेजारी ठेवला आणि फाईल तिथेच थांबवली.

कसं झालं ते मीच शोधलं, कारण तुमच्या सपोर्टला "फोटो क्लिअर नसेल" याच्या पुढे काही सुचलं नाही. आकड्याच्या मागे आपण /- मारतो ना, त्यातली तिरकी रेघ तुमच्या मशीनने 1 धरली (अरबीतला एकही नुसती उभी रेघच असतो, त्यामुळे बघणाऱ्यालाही संशय येत नाही), मग 4750001 झालं, आणि त्यावर तीन-तीन अंकांचे स्वल्पविराम पडले. आपला स्वल्पविराम लाखावर पडतो, प्रमाण अरबीत लाख हा शब्दच नाही, तिथे "शंभर हजार" म्हणतात, त्यामुळे स्वल्पविराम बघून कुणाला चूक पकडता आली असती तीही सोय गेली. आणि "पावणे" तर गाळूनच टाकलं, राहिले पाच लाख. दीड, अडीच, सव्वा, साडे, पावणे हे शब्द मराठी पावत्यांवर रोज असतात हो, ते आधी पूर्ण आकड्यात उलगडायचे आणि मग अरबीत लिहायचं, चारशे पंचाहत्तर हजार भारतीय रुपये फक्त. "फक्त" आणि "रक्कम" हे शब्द मुळात अरबीतूनच आपल्याकडे आलेत, निदान तेवढं तरी सोपं गेलं असतं!

मी पहिल्यांदा स्वतः तपासायला बसले तेव्हा तर मीच फसले. अरबीतला पाच ٥ असा असतो, अगदी आपल्या शून्यासारखा, आणि त्यांचं शून्य म्हणजे नुसता ठिपका. म्हणून पुढच्या वेळी आकडे 1, 2, 3 असेच ठेवा, गल्फमध्ये ते सर्रास चालतात.

तुमच्या मेलमध्ये लिहिलंय की कायद्याने अक्षरी रक्कमच धरतात, त्यामुळे काळजी नको. 1881 च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं कलम 18 म्हणताय ना, ते चेकसारख्या मूळ कागदावर लिहिणाऱ्याच्याच दोन रकमा वेगळ्या असतील तेव्हा लागतं, तुमच्या भाषांतरातली चूक झाकायला नाही. आणि तुमच्या अक्षरी रकमेनेही शेतकऱ्याच्या नावावर पंचवीस हजार जास्तच लागतात, त्याचं काय?

याच्या उलट प्रकार तुमच्याकडेच भाषांतराला दिलेल्या ट्रान्सपोर्टच्या पावतीत. तिथे मूळ कागदावरच ड्रायव्हरने आकड्यात 12,500 आणि अक्षरात बारा हजार पाचशे पन्नास लिहिलंय, ही त्याची चूक. तुम्ही मात्र गुपचूप दोन्हीकडे 12,500 करून टाकलं. दिसायला छान जुळलं, पण तो कागद आता मूळ पावतीचं भाषांतर राहिला नाही. जे लिहिलंय ते तसंच दोन्हीकडे ठेवायचं आणि खाली टीप द्यायची की मूळातच फरक आहे, दुरुस्त करायचा अधिकार तुमचा नाही.

मला एवढं हवंय की दोन्ही पावत्यांचं भाषांतर माणसाकडून पुन्हा करून द्या, जादा पैसे न घेता, आणि पाठवायच्या आधी दुसऱ्या कुणाला तरी फक्त अरबी अक्षरी रक्कम दाखवून तिचा आकडा लिहायला सांगा, आकड्याचा रकाना झाकून. तो आकडा फोटोतल्या आकड्याशी जुळला तरच पाठवा, नाही जुळला तर चूक कुणाची ते मूळ कागदात बघा. ड्रायव्हरच्या पावतीत नाही जुळणार, ते तसंच राहू द्या.

आधीच्या कामाचे पैसे परत हवेत, आणि मूळ फोटो परत जोडलेत, यावेळी /- वर लाल गोल केलाय.

कळावे,
एक ग्राहक, नाशिक