आई, माझ्या गोळ्या घेऊ नकोस

ती. आई-बाबांस,
सा. न.

आई, काल फोनवर म्हणालीस, "अगं, तुझंच दुखणं मला लागलंय, तुझ्याच गोळ्या घेते." ऐकायला तेच वाटतं खरं: मुरडा, पोट फुगणं, तीन दिवस खडा आणि चौथ्या दिवशी पातळ. पण घेऊ नकोस.

माझं आयबीएस चोविसाव्या वर्षी सुरू झालं. नऊ वर्षांत वजन उतरलं नाही, पोट साफ झालं की दुखणं बहुतेकदा कमी होतं, आणि मी झोपले की आतडीही झोपतात. या आजारात आतड्याला जखम नसते. त्याची हालचाल बिघडते, नसा हळव्या होतात, म्हणून थोड्या वायूनेही कळ येते.

तुझं मात्र बासष्टीत, चार महिन्यांपूर्वी सुरू झालं. या वयात पहिल्यांदाच असं होऊ लागलं तर बाकीचं तपासल्याशिवाय त्याला आयबीएस म्हणत नाहीत. त्यात तू सहज बोलून गेलीस की पहाटे तीनला कळ येऊन उठावं लागतं. माझा जीव तिथेच अडकलाय. आयबीएस सहसा झोपेतून उठवत नाही, आतड्याची सूज उठवते. बाबा म्हणाले, कपडे कमरेला घट्ट आणि दंडात सैल झालेत. फुगलेल्या पोटामागे वजन उतरलेलं लपतं.

बाबा, डॉक्टरांकडे तुम्ही सोबत जा. रक्तात हिमोग्लोबिन बघतीलच. शौचाची कॅल्प्रोटेक्टिन तपासणी करायची का, विचारा. आतड्याला सूज असली की पांढऱ्या पेशींमधलं हे प्रथिन शौचात वाढतं. साधारण 50 च्या आत असेल तर क्रोन किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्याच्या सुजेच्या आजारांची शक्यता कमी. पण आईच्या गुडघेदुखीच्या गोळ्यांनीही ते वाढू शकतं, तेव्हा त्या गोळ्यांचं पाकीट न्या. आकडा चांगला आला तरी कर्करोग नाही असं त्यावरून ठरत नाही, म्हणून कोलोनोस्कोपी सांगितली तर टाळू नका. शिवाय पन्नाशीनंतर बाईचं पोट सतत फुगत असेल तर अंडाशयाचीही तपासणी लागते. सोनोग्राफीचा विषय तुम्हीच काढा, आई लाजेल.

आणि जुलाब थांबवायची गोळी तोवर नकोच. कधी कधी खाली कडक मळ अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ झिरपतं. आपल्याला वाटतं जुलाब, आणि गोळीने कोंडी आणखी घट्ट होते.

शौचातून रक्त आलं, काळं डांबरासारखं झालं किंवा उलट्या होऊन वायूही सरेना, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आई, आज वजन कर. काट्यावरचा आकडा बाबांनीच वाचून मला कळवावा. तू दोन किलो वाढवून सांगशील.

तुमची,
ताई