आठ वर्षं एकदाच येणाऱ्या गिऱ्हाइकाची तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा व विक्री विभाग

विषय: भोकं नसलेले 600 खोके, आणि मला 'वन टाइम' ठरवणारी तुमची यादी

तुमच्या बाईंशी काल चौथ्यांदा बोललो. आता लेखी देतो, कारण फोनवर आमची गाडी पहिल्या वाक्यापुढे जात नाही.

11 मार्च 2025 ला मी पाच डझनी आंब्याचे 2,400 पुठ्ठ्याचे खोके मागवले. दर 38 रुपये, एकूण 91,200, वर गाडीभाडं 4,800. माल 2 एप्रिलला देवगडात माझ्या अंगणात उतरला. त्यातल्या 600 खोक्यांना हवेची भोकंच नाहीत. खोके तुम्ही बनवता, तेव्हा भोकं कशासाठी असतात हे तुम्हाला सांगायला नको. तरी सांगतो. तयार फळ पेंढ्यात भरलं की त्याला घाम येतो, आतला ऊबारा बाहेर पडला नाही तर वाशीला खोका उघडेपर्यंत मधली रांग डागाळलेली असते. दोन बायांना दोन दिवस बसवून घरीच भोकं पाडून घेतली. मजुरी 1,600 रुपये. त्या दोन दिवसांत आंबा काही झाडावर थांबून राहत नाही.

आता 9 एप्रिलचा फोन. तुमच्याकडे रेकॉर्डिंग असेल, ऐका. मी ऑर्डर नंबर सांगितला. बाई म्हणाल्या, "सर, तुमचा नंबर वन टाइम कस्टमरमध्ये दिसतोय, त्यामुळे प्रायॉरिटी लागू होत नाही. 72 तासांत कॉलबॅक येईल."

मी म्हटलं, "बाई, मी 2018 पासून दरवर्षी तुमच्याकडूनच खोके घेतो."

थोडा वेळ टकटक ऐकू आली. "सर, सिस्टिममध्ये एकच ऑर्डर दिसते."

"मागच्या वर्षीची?"

"ती बारा महिन्यांच्या बाहेर गेली, सर."

"मग मी आठ वर्षं एकदाच येतोय काय?"

यावर त्या गप्प. मग अगदी मायेने म्हणाल्या, "सर, एक सुचवू का? आता अजून 100 खोक्यांची छोटी ऑर्डर टाका, म्हणजे तुम्ही ऑकेजनलमध्ये याल. मग तक्रार 24 तासांत बघतात."

म्हणजे बिनभोकाच्या 600 खोक्यांची दाद मागायची, तर आधी आणखी 100 खोके विकत घ्यायचे! आवाज चढवायचा नाही असं ठरवून फोन केला होता, तरी चढला. त्या पोरीला दोष देत नाही, तिच्यासमोर जे दिसतं ते ती वाचते. दोष यादी ज्यांनी केली त्यांचा.

ती यादी कशी चालते हे मला तुमच्याच विक्रेत्याने सांगितलं. मागच्या बारा महिन्यांत सहा किंवा जास्त ऑर्डर असतील तर नेहमीचा, दोन ते पाच असतील तर अधूनमधूनचा, एक असेल तर एकदाचा. माझी ऑर्डर वर्षातून एकच असते, कारण हापूस वर्षातून एकदाच येतो. तुमच्या बारा महिन्यांच्या खिडकीतून बघितलं तर मी जन्मभर एकदाच दिसणार. यंदा तर त्याहून मजा झाली. मागची ऑर्डर 8 फेब्रुवारी 2024 ची होती. यंदा मोहोर उशिरा आला म्हणून 11 मार्च उजाडला. मध्ये 397 दिवस गेले, म्हणजे महिनाभर मी तुमच्या लेखी मेलेलाच होतो.

माझा मावसभाऊ मालवणात खाजं-लाडू विकतो. दर महिन्याला 40 खोके घेतो, म्हणजे महिन्याचे 1,520 आणि वर्षाचे 18,240. तो तुमचा 'नेहमीचा'. त्याला वेगळा फोन नंबर, त्याचं गाडीभाडं माफ. त्याचं वाईट वाटत नाही, पोटाला मिळू दे. पण माझं बिल त्याच्या पाचपट आणि मी रांगेत शेवटचा, हा हिशेब कुठल्या शाळेतला? तुम्ही फक्त खेपा मोजता. रक्कम मोजत नाही, किती वर्षांचा संबंध तेही मोजत नाही. मी उद्या हेच 2,400 खोके 400-400 चे सहा तुकडे करून मागवले तर रातोरात नेहमीचा होईन, आणि तुमची गाडी सहा वेळा देवगडचा घाट उतरेल, तेही फुकट. करू का तसं?

गिऱ्हाइकांचे गट करू नका असं मी म्हणत नाही. आमची ही गावात किराणा चालवते, तीही करते, फक्त डोक्यात. किल्ला बघायला आलेला पर्यटक पाण्याची बाटली घेऊन जातो, तो खरा एकदाचा. त्याच्यामागे ती लागत नाही. पण चाकरमानी गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात येतात. मधले महिने फिरकत नाहीत म्हणून ती त्यांना अधूनमधूनचे म्हणत नाही, कारण वर्षाचं सगळ्यात मोठं बिल त्यांचंच असतं. श्रावणात ती त्यांना फोन करून विचारते, यंदा किती माणसं, किती नारळ ठेवू. एखादा जूनमध्ये आला नाही तर तिला काही वाटत नाही. गणपतीला आला नाही तरच ती म्हणते, काहीतरी बिनसलं. ज्याचा त्याचा फेरा बघायचा आणि तो चुकला तर काळजी करायची, एवढंच आहे ते. हे तिला कुठल्या सॉफ्टवेअरने शिकवलेलं नाही.

तुम्ही मात्र गेल्या वर्षी 4 जुलैला मेसेज पाठवलात: दुसरी खरेदी करा, 10 टक्के सूट, मुदत 31 जुलैपर्यंत. कोकणात जुलैत आंब्याचे खोके! ते मी ठेवू कुठे, पागोळ्यांखाली? तीच सूट जानेवारीत देता तर माझे 9,120 रुपये वाचले असते आणि तुमची ऑर्डर महिनाभर आधी पक्की झाली असती.

मागणी साधी आहे. 1,600 रुपये मजुरी द्या आणि 600 खोक्यांचे पैसे परत करा. बिनभोकाचा खोका हा माझ्या दृष्टीने खोकाच नव्हे, आणि ती भोकं मी पाडलीत, तुम्ही नाही. 15 दिवसांत उत्तर नाही आलं तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद करीन. बागायत हे माझं पोट आहे, धंदेवाईक खरेदी म्हणून तक्रार झटकता येईल अशी आशा ठेवू नका. शिवाय आमच्या वाडीतले आम्ही नऊ बागायतदार आहोत. आठजण माझ्या सांगण्यावरून तुमच्याकडे आले. पुढच्या मोसमात नऊजण मिळून एकच ऑर्डर काढणार आहोत, ती कुणाला द्यायची हे अजून ठरलेलं नाही. तुमच्या यादीत तीही 'एकदाची'च दिसेल म्हणा.

सोबत 2018 ते 2025 च्या आठ बिलांच्या प्रती जोडल्या आहेत. 2021 च्या बिलाच्या कोपऱ्यात निळ्या शाईत तुमच्या तेव्हाच्या विक्रेत्याचं अक्षर आहे, तेवढं जरूर बघा: "नेहमीचे. भाडे घेऊ नये."

आपला,
एक आंबा बागायतदार, तालुका देवगड
24 एप्रिल 2025