सगळ्याच नावांना ‘टोपणनाव’ म्हणू नका

मा. संपादक,
स.न.

रविवारच्या पुरवणीतला टोपणनावांवरचा लेख वाचला, मजा आली, पण त्यात लाडाचं नाव, लेखकाचं नाव, नटाचं नाव आणि गुन्हेगाराच्या पुढे लागणारं ‘ऊर्फ’ असं सगळं एकाच टोपलीत टाकलंय. बोलताना चालतं हो, आपण सगळ्यालाच टोपणनाव म्हणतो, पण कागदावर आलं की प्रत्येकाची गत वेगळी होते.

लाडाचं नाव आपण स्वतः घेत नाही, दुसरे ठेवतात आणि ते चिकटतं. त्याला कायद्यात किंमत नाही असं सरसकट म्हणतात ते मात्र खरं नाही. इंग्लंडमध्ये 1906 साली थॉर्न विरुद्ध डिकन्स नावाचा खटला झाला, त्यातलं मृत्युपत्र फक्त तीन शब्दांचं होतं, ‘सगळं आईला’, बस्स. आता सरळ वाचलं तर इस्टेट आईला जायला हवी, पण तो माणूस घरात बायकोलाच ‘आई’ म्हणायचा असं पुराव्यात आलं आणि कोर्टाने सगळं बायकोला दिलं! म्हणजे लाडाचं नावही चालतं, फक्त ते कोणाचं हे बाहेरून सिद्ध करावं लागतं आणि तोपर्यंत वारसांची भांडणं होतात ती वेगळीच. म्हणून मृत्युपत्रात ‘बबडी’ लिहायचं असेल तर शेजारी पूर्ण नाव टाका.

ते टाकतानाच ‘ऊर्फ’ येतं. बातम्यांमुळे आपल्याला वाटतं की ऊर्फ म्हणजे काहीतरी काळंबेरं, पण त्याचं काम एवढंच की हे नाव आणि ते नाव एकाच माणसाचं आहे. लग्नाआधीचं नाव एका कागदावर आणि नंतरचं दुसऱ्यावर असेल तरी ऊर्फ लागतंच की. गुन्हा असतो तो खोट्या नावाने कोणाला फसवण्याचा, दोन नावं असण्याचा नाही.

स्टेज नेमचं कारण तर कधीकधी अगदीच रुक्ष असतं. हॉलिवूडचा मायकल कीटन जन्माने मायकल डग्लस, पण त्या नावाचा नट आधीच होता म्हणून याला दुसरं घ्यावं लागलं. अशा नावाने जग ओळखतं, जाहिरातीत तेच छापतात, पण त्याने कागदोपत्री नाव आपोआप बदलत नाही, त्यामुळे करारात दोन्ही नावं लिहिलेली बरी.

आता लेखकाचं टोपणनाव, ज्यावर तुमच्या लेखात एक ओळ पण नाही आणि खरी गंमत तिथेच आहे. कॉपीराइटच्या बर्न या आंतरराष्ट्रीय करारानुसार पुस्तकाला किमान संरक्षण लेखकाच्या मृत्यूनंतर 50 वर्षं मिळतं, पण टोपणनावामागे कोण हे माहीतच नसेल तर मृत्यू कोणाचा धरणार? म्हणून तिथे 50 वर्षं प्रकाशनापासून मोजतात. समजा एका बाईंनी 1980 मध्ये टोपणनावाने कादंबरी काढली आणि त्या 2010 मध्ये वारल्या. नाव गुप्तच राहिलं तर संरक्षण 2030 अखेर संपलं, पण त्यांनी मुदतीच्या आत स्वतःहून नाव जाहीर केलं असेल तर ते 2060 पर्यंत गेलं, म्हणजे वारसांना तीस वर्षांची रॉयल्टी जास्त! (हे किमान आकडे झाले, बऱ्याच देशांत मुदत यापेक्षा मोठी आहे, पण कोणती तारीख धरायची हा प्रश्न तोच राहतो.) कुसुमाग्रजांसारख्यांना ही अडचण नाही, कारण ते म्हणजे शिरवाडकर हे सगळ्यांना ठाऊक, आणि टोपणनाव असूनही ओळखीबद्दल शंका नसेल तर मृत्यूपासूनचाच हिशोब लागतो. पण एलेना फेरांतेसारखी लेखिका, जिने आपण कोण ते स्वतः कधी सांगितलंच नाही, तिच्याबाबतीत लोकांचे अंदाज कितीही पक्के असले तरी करारातले शब्द ‘लेखकाने ओळख जाहीर केली तर’ असेच आहेत.

मग असा लपलेला लेखक चोरीविरुद्ध दावा कसा लावणार, हा प्रश्न मला कायम पडायचा. त्याचंही उत्तर त्याच करारात आहे, पुस्तकावर ज्या प्रकाशकाचं नाव आहे त्याला लेखकाचा प्रतिनिधी धरतात, लेखक पुढे येऊन ओळख पटवेपर्यंत लेखकाच्या वतीने तोच भांडू शकतो. आणि म्हणूनच टोपणनावाने लिहिणाऱ्याने निदान प्रकाशकाशी केलेल्या करारात तरी खरं नाव घालून त्याची एक प्रत घरच्यांकडे ठेवावी, नाहीतर उद्या ते पुस्तक आपल्याच माणसाचं होतं हे वारस दाखवणार कशाच्या जोरावर?

आपली,
एक नियमित वाचक