रात्रभर घोकण्यापेक्षा अंतर ठेवून उजळणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मध्यंतरी एका रविवारी आमच्या गावच्या वाचनालयात दहावी-बारावीच्या पोरांसाठी स्मरणशक्तीवर व्याख्यान झालं. माझी मुलगी दहावीत आहे, म्हणून मीही मागे सतरंजीवर बसलो.

व्याख्यात्या मॅडमनी एबिंगहाउस या जर्मन संशोधकाचे प्रयोग सांगितले. त्यांनी निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतःच पाठ केल्या, किती विसरलं ते मोजलं आणि १८८५ साली छापलं. पहिल्या काही तासांतच बरंचसं गळतं, मग गळती मंदावते. पुढची गोष्ट मला जास्त लागली : एकाच दिवशी ६८ वेळा घोकून जो फायदा झाला, तोच तीन दिवसांत विभागून ३८ वेळा घोकल्यावर झाला. शिवाय दिवसा वाचलेलं पक्कं होण्यात झोपेचा मोठा वाटा असतो. रात्रभर जागणारं पोर नेमकी तीच झोप घालवतं. सकाळच्या पेपरापुरतं काही आठवेलही, पण पुढच्या आठवड्यात त्यातलं फार थोडं उरतं.

घरी येऊन आम्ही करून पाहिलं. मुलीनं सोमवारी विज्ञानातला गुरुत्वाकर्षणाचा धडा वाचला. ‘झालं बाबा, येते मला सगळं,’ म्हणाली. मंगळवारी पुस्तक माझ्या हातात ठेवून तिला केप्लरचे तीन नियम कोऱ्या कागदावर लिहायला लावले. पहिले दोन बरोबर आले. तिसऱ्यात तिनं लिहिलं, आवर्तकालाचा घन अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात. पुस्तकात बरोबर उलटं आहे : आवर्तकालाचा वर्ग, सरासरी अंतराचा घन. मला भौतिकशास्त्र येत नाही, मी फक्त ओळ ओळीशी ताडून पाहिली. पुस्तक उघडं असताना तिला प्रत्येक ओळ ओळखीची वाटत होती आणि तिनं त्यालाच ‘येते’ म्हटलं होतं. चूक तिनं स्वतः दुरुस्त केली. शुक्रवारी पुन्हा कोरा कागद, तेव्हा जरा अडखळली पण बरोबर लिहिलं. पुढच्या गुरुवारी न अडखळता.

ते अडखळणंच कामाचं असतं, असं मॅडम म्हणाल्या होत्या. आठवायला थोडा जोर लागला पाहिजे. मात्र कागद साफ कोराच राहिला तर अंतर जास्त झालं समजावं, धडा पाहून घ्यावा आणि पुढची उजळणी लवकर करावी. आणि मुळात न समजलेलं अशानं समजत नाही, ते आधी शिक्षकांनाच विचारायचं.

आमच्याकडे डिसेंबरपर्यंत पोरं सुटीच्या दिवशी कापूस वेचायला जातात, म्हणून अभ्यास जानेवारीवर ढकलला जातो. पण अशा उजळणीला दहा मिनिटं पुरतात. शाळांनी प्रत्येक तासाची पहिली पाच मिनिटं मागच्या आठवड्यातल्या दोन आणि मागच्या महिन्यातल्या एका प्रश्नाला द्यावीत, वह्या मिटून. त्याला ना पैसा लागतो, ना वीज.

आपला,
एक शेतकरी पालक, जि. यवतमाळ