मॅथ्स की बायो

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोनवर विचारलंस, "पप्पा, मॅथ्सवर जोर देऊ की बायोवर?" आणि मी "तुझं तू बघ" म्हणून फोन आईकडे दिला. रागावलो नव्हतो गं. दादाचं दुसरं रिपीट आठवलं आणि पुढे शब्दच फुटेना.

तू पाठवलेला नीटचा सराव पेपर रात्री डेपोतून आल्यावर बघितला. बायोत 360 पैकी 300. फिजिक्समध्ये 17 बरोबर, 20 चूक, 8 सोडलेले. 68 मिळवलेस, त्यातले 20 चुकांनी खाल्ले, उरले 48. सीईटीत चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे तिकडे हे 20 गेले नसते. पण फिजिक्स टाळायचं म्हणून इंजिनीअरिंगकडे वळत असशील तर थांब. नीटमध्ये फिजिक्स 720 पैकी 180, सीईटीत 200 पैकी 50. दोन्हीकडे पाव हिस्सा. निम्मा पेपर मात्र बदलतो: नीटमध्ये बायो, सीईटीत मॅथ्स. कुणी न सांगता तू कुठलं पुस्तक उघडतेस, ते माझ्यापेक्षा तुला माहीत.

आजोबांच्या विहिरीत दोर सोडून पाणी किती हात आहे ते मोजणारी तूच, आणि शेळी व्यायला झाली की रात्रभर गोठ्यात कंदील धरून बसणारीही तूच. मी काय सांगणार?

एमबीबीएसला इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, सरकारी कॉलेज मिळालं तर वर वर्षभराचा बाँड. इंजिनीअरिंग चार वर्षांत संपतं, पण नोकरी कॉलेज आणि शाखा बघून. नीट वर्षातून एकदाच होते, एक दिवस बिघडला की वर्ष गेलं. बघ, पुन्हा तिथेच आलो. त्या वर्षी दादा जेवणाचं ताट खोलीत न्यायचा आणि तसंच परत आणायचा, ते तू पाहिलंयस.

चारही विषय ठेवून दोन्ही परीक्षा देता येतात. फक्त मॅथ्सला दिलेला प्रत्येक तास बायोतून किंवा झोपेतून जातो. झोपेतून देऊ नकोस. आणि बी.फार्म. दोन्ही ग्रुपना खुलं आहे, ते मागच्या दाराने जाणं नव्हे. तुझी आत्या काहीही म्हणो, तिला... जाऊ दे. भाषण झालं, माफ कर. पेपरावरचे ते 300 मी डेपोत तिघांना दाखवले, हे आईला सांगू नकोस.

पुढचे तीन सराव पेपर मॅथ्सचेही सोडव, मग दोन्ही समोर ठेवून बोलू. या रविवारी फोन मीच उचलेन.

तुझा,
पप्पा

ता.क. दादाला यातलं काही विचारू नकोस असं लिहिणार होतो. विचार. त्याला आमच्यापेक्षा जास्त कळतं.